सरांना कन्नडमधून थँक्यू लिहायचंय, पण पेन पुढे सरकत नाहीये

पत्र: ताई, मी जतला बँकेत काम करते. वडील रेल्वेत होते म्हणून माझी सातवीपर्यंतची शाळा हुबळीला झाली, कन्नड मिडीयम. घरी मराठी. मग वडिलांची बदली झाली आणि आम्ही मिरजेला आलो, तेव्हापासून कन्नड बोलते पण लिहिणं सुटलंय. आमचे पाचवीचे सर या महिनाअखेर रिटायर होतायत. जुन्या मुलांनी ठरवलंय की प्रत्येकाने कन्नडमध्ये निरोप लिहायचा, तो कार्यक्रमात वाचून दाखवणार आहेत. मी इंग्लिशमध्ये लिहिलं आणि मैत्रिणीने कन्नड करून दिलं, त्यात ‘अज्ञानद कत्तलेयन्नु होगलाडिसिद ज्ञानदीविगे’, म्हणजे अज्ञानाचा अंधार घालवणारा ज्ञानदीप, वगैरे आलंय, ते वाचून मलाच वाटेना की हे मी लिहिलंय. खरं सांगायचं ते वेगळंच आहे. मी सूर्य लिहिताना रफार मराठीसारखा अक्षराच्या डोक्यावर द्यायचे, वर्ग हसला, सर म्हणाले हिला दोन लिप्या येतात, तुम्हाला एकच. मग शाळा सुटल्यावर बसवून शिकवलं. त्यांनी माझ्या सहलीचे पैसेही गुपचूप भरले होते. तोडकंमोडकं का होईना, कन्नडमध्येच लिहू का? चुका झाल्या तर? आणि पैशांचं लिहू का?

उत्तर:

कन्नडमध्येच लिही, यात मला काही विचार करण्यासारखं वाटत नाही. ज्या माणसाने शाळा सुटल्यावर थांबून तुला ती लिपी गिरवायला लावली त्याला तू इंग्लिशमध्ये थँक्यू म्हणणार हे जरा विचित्रच होईल नाही का. पण मैत्रिणीचा कागद बाजूला ठेव. तिची काही चूक नाही, तिने जे लिहिलंय त्याला तिकडे बिन्नवत्तळे म्हणतात, म्हणजे आपलं मानपत्र. शाळेतर्फे ते फ्रेम करून देतात, शाल, हार, फलतांबूल झालं की कुणीतरी खणखणीत आवाजात वाचतं, आणि त्यात ज्ञानदीविगे आणि दगडातून मूर्ती घडवणारा शिल्पी आणि हिंदे गुरु मुंदे गुरि, म्हणजे मागे गुरू पुढे ध्येय, हे सगळं असतंच, असायलाही हवं, कारण ते संस्थेकडून असतं. ते सरांना मिळणारच आहे. तुझ्याकडून दुसरं बिन्नवत्तळे नकोय त्यांना. तू पत्रात रफाराचा जो किस्सा मला तीन ओळीत सांगितलास ना, तोच तुझा निरोप आहे, आता फक्त तो कन्नडमध्ये कसा न्यायचा एवढंच बघायचंय.

पहिली गोष्ट, इंग्लिशमध्ये अजिबात लिहू नकोस. मराठीत लिही आणि मराठीवरून कन्नडला जा. ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांना हे माहीत असतं पण लिहायला बसले की विसरतात. मराठी आणि कन्नड शब्दांनी लांबच्या आहेत पण वाक्याची बांधणी जवळजवळ सारखी आहे. ‘तुम्ही शिकवलेली कविता अजून आठवते’ हे ‘नीवु कलिसिद पद्य इन्नू नेनपिदे’, शब्दाखाली शब्द ठेवत जा, कुठेही उलटापालट करावी लागत नाही. ‘असं म्हणालात’ हे ‘अंत हेळिदिरि’. ‘मला कळलं’ हे ‘ननगे गोत्तायितु’, म्हणजे कळणारा माणूस दोन्हीकडे ‘मला’च असतो. ‘भरून देते’ हे ‘तुंबि कोडुत्तेने’, बघ, आपलं ‘देते’सुद्धा जसंच्या तसं शेवटी बसतं. इंग्लिशमधून आलीस की ‘तो शिक्षक ज्याने मला’ अशी वाक्यं तयार होतात आणि कन्नडमध्ये ती फार अवघडून उभी राहतात, मग त्यांना सावरायला मोठमोठे संस्कृत शब्द घालावे लागतात. तुझ्या मैत्रिणीचं हेच झालं असणार.

दुसरी गोष्ट चुकांची. सगळ्या चुका सारख्या नसतात. एखादा शब्द चुकला, एखादा ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लावायचं अक्षर, वाकडा झाला तर सर हसून सोडून देतील. पण एक चूक मराठी माणूस हमखास करतो आणि तिने अर्थच फिरतो, तेवढी टाळ. आपल्याकडे शब्दाच्या शेवटी इ आणि उ आला की तो दीर्घ लिहायचा हे शाळेत हातात इतकं बसलेलं असतं की कन्नड लिहितानाही आपण ‘नानू’, ‘नीवू’ असं लांबवून टाकतो. कन्नडमध्ये साधा ‘नानु’ म्हणजे मी, पण ‘नानू’ दीर्घ केलं की ‘मीसुद्धा’ होतं. ‘नीवु कलिसिदिरि’ म्हणजे तुम्ही शिकवलंत. ‘नीवू कलिसिदिरि’ म्हणजे तुम्हीसुद्धा शिकवलंत, म्हणजे बाकीच्यांबरोबर तुम्हीपण थोडंफार. कल्पना कर, भर कार्यक्रमात माईकवरून हे गेलं तर! आणि ‘नीवे’, शेवटचा ए दीर्घ, म्हणजे तुम्हीच. हा तिसरा तुझ्या कामाचा आहे, पण पूर्ण निरोपात एकदाच वापर, जिथे खरंच ‘तुम्हीच’ म्हणायचंय तिथे. लिहून झालं की फक्त शब्दांच्या शेपट्या तपासत एक फेरी मार, बाकी काही बघू नको त्या फेरीत. विद्यार्थिनि, नमस्कारगळु, इरलि, सगळे ऱ्हस्व.

ए आणि ओचंही असंच आहे. कन्नडमध्ये ए ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन, ओ पण दोन, आपल्या देवनागरीत एकेकच आहे त्यामुळे मी इथे जे लिहितेय त्यात तुला तो फरक दिसणारच नाही. ‘बेळे’ ऱ्हस्व म्हणजे पीक, दीर्घ म्हणजे डाळ. तुला कानाने माहितीये, कन्नड बोलतेस तू, फक्त लिहिताना तोंडाने म्हणून बघ. लिपीत ओळखायची खूण सोपी आहे, दीर्घ असेल तर अक्षराच्या उजव्या अंगाला एक जास्तीची शेपटी लागते, नसेल तर नाही.

मानाचं सांगायला नको पण सांगतेच. ‘नीवु’ घेतलं की क्रियापद ‘-इरि’ने संपलं पाहिजे, कलिसिदिरि, हेळिदिरि, बरेसिदिरि. मराठीत ‘तुम्ही शिकवलं’ म्हटलं तरी चालून जातं, शेवटचा त आपण बोलताना खाऊनच टाकतो, कन्नडमध्ये ते ‘इरि’ खाल्लं तर वाक्य दुसऱ्याच कुणाला तरी उद्देशून होतं. आणि कुठेही ‘नीनु’ येऊ देऊ नकोस. लहानपणी कन्नड मैत्रिणींशी खेळताना शिकलेलं असतं ना, त्यामुळे घाईत तोंडात पहिलं तेच येतं.

आता कुठलं कन्नड हा प्रश्न आहे, आणि इथे माझं मत थोडं हट्टी आहे. मी बेळगावची, त्यामुळे माझ्या कानाला धारवाड-हुबळीचंच कन्नड गोड लागतं, हे आधीच सांगून टाकते. तुझा निरोप सरळ लेखी कन्नडमध्ये असू दे, कारण माईकवर वाचला जाणार आहे आणि वाचणारा कुठला असेल सांगता येत नाही. पण सरांचं जे वाक्य आहे, हिला दोन लिप्या येतात तुम्हाला एकच, ते मात्र सर जसे बोलले तस्सं ठेव. ‘ईकिगे एरडु लिपि बर्ताव, निमग ओंद.’ ते जर तू पुस्तकी करून ‘इवळिगे एरडु लिपिगळु बरुत्तवे’ केलंस तर ते सरांचं वाक्य राहणारच नाही, सर असं कधी बोललेच नसणार. आणि पाचवी लिहिताना ‘ऐदने तरगति’ हे आजचं सरकारी रूप आहे, पण जुन्या लोकांच्या तोंडी तिकडे ‘इयत्ते’ असतं, आपलं इयत्ताच ते, १९५६ पर्यंत धारवाड-बेळगाव मुंबई राज्यातच होतं ना, तेव्हापासूनचे असे बरेच शब्द तिकडे राहिलेत. तासाला ‘तासु’ म्हणतात ते पण तसलंच. तुझे सर साठीचे आहेत, त्यांना इयत्ते चालेलच नाही तर आवडेल.

सुरुवात कशी करायची यावर लोक फार अडतात. आपण वडिलांच्या जागी असलेल्यांना तीर्थस्वरूप लिहितो तसं कन्नडमध्ये ‘तीर्थरूप समानराद’ आहे, पण आता ते जरा जुनाट वाटतं आणि सर तरुणपणी तुझे शिक्षक होते, तेव्हा बत्तीस-तेहतीसचे असतील, वडील करून टाकायची गरज नाही. ‘मान्यरे’ ऑफिसच्या अर्जाला. ‘प्रीतिय मेष्ट्रे’ असं म्हैसूरकडचे लोक लिहितात, छान आहे पण तुझं नाही, तू त्यांना आयुष्यात कधी मेष्ट्रे म्हटलं नसशील. तू सर म्हणायचीस, तर सरच. ‘पूज्य गुरुगळाद’, मग नाव, मग ‘सर अवरिगे’. बाई असत्या तर उत्तर कर्नाटकात ‘अक्कोरु’ म्हणत असशील तर तेच लिही म्हटलं असतं.

आणि मग लगेच स्वतःची ओळख, ही मात्र नीट दे. तीस-पस्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या हाताखालून किती पोरं गेलेली असतात, त्यात तुझं लग्नानंतरचं आडनाव त्यांना काय कळणार. माहेरचं आडनाव लिही, साल लिही, वडील रेल्वेत होते हे लिही, बाकावर शेजारी कोण बसायची तिचं नाव आठवत असेल तर तेही. चेहरा डोळ्यापुढे आला की पुढचा निरोप ते वेगळ्या कानाने ऐकतात.

मी जुळवून बघितलं, साधारण असं होईल. जसंच्या तसं उचलू नकोस, तुझे तपशील तुला माहीत, पण वजन एवढंच असू दे:

> पूज्य गुरुगळाद … सर अवरिगे, साष्टांग नमस्कारगळु.
>
> नानु …, १९९८रल्लि ऐदने इयत्तेयल्लि निम्म हत्तिर कलितवळु. नम्म तंदे रेल्वेयल्लि इद्दरु.
>
> मनेयल्लि मराठि, शालेयल्लि कन्नड. सूर्य अंत बरेयुवाग नानु अर्कावत्तु अक्षरद तलेय मेले हाकुत्तिद्दे. वर्गदल्लि एल्लरू नक्करु. नीवु नगलिल्ल. ‘ईकिगे एरडु लिपि बर्ताव, निमग ओंद’ अंत हेळिदिरि. शाले बिट्ट मेले अर्ध तासु कूड्रिसि बरेसिदिरि.
>
> ईग नानु सांगलि जिल्लेय जत्तदल्लि ब्यांकिनल्लि केलस माडुत्तेने. कन्नड मात्र बरुव अज्ज-अज्जियरु नन्न कौंटरिगे बरुत्तारे. अवर चीटि नाने तुंबि कोडुत्तेने. ई कन्नड नीवे कोट्टद्दु.
>
> निमगे हृत्पूर्वक धन्यवादगळु. देवरु निमगू मनेयवरिगू आयुरारोग्य कोडलि. निम्म आशीर्वाद नन्न मेले इरलि.
>
> इंति निम्म विद्यार्थिनि,
> …

बँकेचं तू मला एकाच शब्दात लिहिलंस, पण मी ते मुद्दाम मोठं केलंय. जत तालुक्यात कन्नड बोलणारी म्हातारी माणसं किती आहेत हे मला माहितीये आणि तू कन्नड बोलतेस म्हटल्यावर ती तुझ्याच खिडकीशी येत असणार असा माझा अंदाज, स्लिप भरून देतेस की नाही ते तू बघ, नसशील देत तर ती ओळ काढ, खोटं एक अक्षर नको. पण असं काहीतरी असेलच. शिक्षकाला ‘मी आज जी काही आहे ती तुमच्यामुळे’ हे वाक्य शंभर जण म्हणतात, त्यातून त्यांना काहीच कळत नाही. शिकवलेलं नेमकं कुठे वापरात आहे, कोणाच्या कामाला येतं, हे कुणी सांगितलं तर ते त्यांना नवीन असतं. म्हणून धन्यवादाच्या आधी मी तो भाग ठेवलाय, आणि ‘नीवे’ही तिथेच घातलाय, हे कन्नड तुम्हीच दिलेलं.

शेवटच्या ओळींबद्दल एक. मराठीत आपण मोठ्यांना ‘तुमचं पुढचं आयुष्य सुखाचं जावो’ सहज म्हणतो, आणि कन्नडमध्ये पण ‘निम्म निवृत्ति जीवन सुखमयवागिरलि’ हे प्रत्येक फ्लेक्सवर असतं, चूक काहीच नाही त्यात. पण विद्यार्थिनीने गुरुजींना स्वतः शुभेच्छा द्यायच्या म्हणजे जरा वरून दिल्यासारखं होतं, म्हणून देवाला मध्ये घालायचं, देवरु कोडलि, देव देवो, आणि आपण मात्र आशीर्वाद मागायचा. तुझ्या सरांच्या वयाच्या माणसाला हा फरक बरोबर जाणवतो. ‘निमगू मनेयवरिगू’मध्ये मी दीर्घ ऊ मुद्दाम ठेवलाय हं, तुम्हालाही आणि घरच्यांनाही असं म्हणायचंय. तो तसाच लिही, मघाच्या शेपट्या तपासायच्या फेरीत चुकून कापू नकोस. ‘एल्लरू’ पण तसाच, सगळे म्हणजे एकूण एक.

बऱ्याच जणांना सुरुवातीलाच ‘माझं कन्नड कच्चं आहे, माफ करा’ असं लिहायची खोड असते. नको. ऐकणाऱ्यांचं लक्ष मग तुझ्या चुका शोधण्यात जातं, आणि तुझ्या गोष्टीचा मुद्दाच मुळी हा आहे की सर हसले नव्हते. फारच राहवत नसेल तर सरांना जी स्वतंत्र प्रत पाठवशील तिच्या खाली ‘तप्पिद्दरे तिद्दि कळिसिरि’ लिही, चुकलं असेल तर सुधारून पाठवा. माईकवर वाचायच्या प्रतीत नको.

आता पैशांचं. कार्यक्रमात वाचल्या जाणाऱ्या निरोपात ते अजिबात लिहू नकोस. त्यांनी गुपचूप भरले होते ना, मग ते गुपचूपच राहू दे की. तुला वाटेल यात लपवण्यासारखं काय, चांगलीच तर गोष्ट आहे, पण विचार कर, हॉलमध्ये त्यांचे सहकारी बसलेले असणार, हेडमास्तर असणार, आणखी दहा माजी विद्यार्थी असणार ज्यांच्यापैकी कुणाला सहलीला जाता आलं नव्हतं. कुणाचे भरले आणि कुणाचे नाही हा हिशोब त्या दिवशी कशाला उघडायचा. शिवाय तुझ्या वडिलांचंही आहे. ते हयात असतील आणि त्यांना हे कधी कळलंच नसेल तर ते एखाद्या व्हिडिओतून कळू नये. पण सरांना कळायला हवं की तुला माहीत आहे, हे मात्र मला पटतं. तर ते वेगळ्या कागदावर, एक ओळ, ‘सहलीचं मला नंतर कळलं, सर’ एवढंच. कन्नडमध्ये, ‘प्रवासद विषय ननगे आमेले गोत्तायितु, सर.’ रक्कम नको, परत करायची भाषा तर मुळीच नको, ऋण फेडते वगैरे लिहिलंस तर त्यांना नक्की वाईट वाटेल.

पाठवायचं कसं ते पण बघ, कारण इथे नेहमी गोंधळ होतो. फोनवर कन्नड कीबोर्ड टाकून घे, इंग्लिश अक्षरात उच्चार टाइप केला की कन्नड शब्द सुचवतो तसला. सुचवलेल्यातला पहिलाच डोळे मिटून दाबू नको, ऱ्हस्व-दीर्घची गडबड तिथेच होते. जर शाळेतल्या कुणी तुला नुडी किंवा बरहाच्या जुन्या फॉन्टमधली फाईल पाठवली आणि तुझ्या फोनवर ती इंग्लिश अक्षरांच्या खिचडीसारखी दिसली तर तुझा फोन बिघडलेला नाहीये, त्या फॉन्टचं तसंच असतं, तो फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवरच ती उघडते, त्यांच्याकडून फोटो मागवून घे. तू पाठवताना साधा टाइप केलेला मेसेज पाठव, आणि बरोबर स्वतःच्या आवाजात वाचून एक व्हॉइस नोट पण पाठव सूत्रसंचालकाला. सरांचं वाक्य कसं म्हणायचं ते त्याला ऐकून कळेल. बंगळूरकडचा असेल तर ‘बर्ताव’ वाचताना तो स्वतःहून सुधारून ‘बरुत्तवे’ करून टाकेल, त्याला आधीच सांगून ठेव की तेवढं आहे तस्संच वाच बाबा.

कार्यक्रमाच्या प्रतीखेरीज सरांच्या हातात जाणारी प्रत तू हाताने लिही, टाइप नको. ‘सूर्य’ त्यात येणारच आहे, ‘आशीर्वाद’ येणार, ‘विद्यार्थिनि’ येणार, सगळ्यात अर्कावत्तु, म्हणजे कन्नडचा रफार. टाइप केलं की फोन तो आपोआप अक्षराच्या नंतर, जिथे हवा तिथे नेऊन ठेवतो, त्यात तुझं काय. हाताने लिहिलंस तर पहिला शब्द वाचतानाच सर बघतील तू तो कुठे दिलायस ते. आधी रफ कागदावर दहा-बारा वेळा गिरव, जतमध्ये कन्नड शाळा आहेत, तिथल्या एखाद्या शिक्षिकेला दाखव, पाच मिनिटांचं काम आहे. तिला मजकूर सुधारायला मात्र देऊ नकोस, नाहीतर परत ज्ञानदीविगे येईल. फक्त अक्षरं तपास म्हणावं.

दिवस थोडे आहेत हे लक्षात ठेव. कर्नाटकात सरकारी शिक्षक ज्या महिन्यात साठ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतात, आणि त्या दिवशी चार्ज देणं, सह्या, कागदपत्रं यातच माणूस अडकलेला असतो, बीळ्कोडुगे म्हणजे निरोपाचा समारंभ पण बहुतेक त्याच दिवशी नाहीतर आदल्या दिवशी उरकतात. कार्यक्रमाचा मेसेज दोन दिवस आधी ग्रुपला दे. हाताने लिहिलेलं पाकीट शाळेच्या पत्त्यावर टाकू नकोस, एक तारखेनंतर ते तिथे कुणाच्यातरी टेबलावर पडून राहील, घरचा पत्ता काढ. फोन करायचा असेल तर कार्यक्रमाच्या दिवशी नको, आठवड्याभराने कर, सकाळी दहाच्या सुमारास, शाळेची वेळ असते ती आणि आता ते घरीच असतील.